पन्नास टक्क्यांची ओळ

आमच्याकडे बहिणीनं सही द्यायची असते, आणि ती हसत द्यायची असते. शिरूरजवळची वडिलांची जमीन रस्त्यात गेली तेव्हा भरपाई हातात पडण्याआधी मला दौंडला सासरी बोलावणं आलं. हक्कसोडपत्र तयार होतं. मी सही केली, हसले, आणि त्या बदल्यात मोरपंखी साडी घेऊन घरी आले. मोरपंखी रंग मला शोभत नाही हे फक्त आईला माहीत होतं, आणि आई जाऊन दोन वर्षं झाली होती. दादाला भरपाईचे चाळीस लाख मिळाले. मला माहेर राहिलं. निदान सौदा तसा आहे असं सगळे धरून चालतात.

मला त्या पैशांचं वाईट वाटलं नाही, असं मी म्हणत नाही. वाटलं. पण मी कुरकुंभच्या एका रसायनाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते, नवऱ्याचीही नोकरी आहे, आमचं अडत नव्हतं. दादाचं मात्र अडणार होतं. रांजणगावकडच्या ज्या कारखान्यात तो वीस वर्षं होता तिथली त्याची लाइन बंद झाली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी तो घरी बसला. हाती होते ते हे चाळीस लाख, आणि घरात वहिनी, कॉलेजातली पोरगी नि तो स्वतः. दुसरं काही नाही.

पुढचं समजायला माझ्याबद्दल एक सांगायला हवं. आमच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात एक भाई आहेत, दौंडचेच, पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहिलेले. चहाच्या सुट्टीत ते फोनवर शेअरबाजाराच्या स्ट्रॅटेजी तपासत बसायचे. स्ट्रॅटेजी म्हणजे कधी घ्यायचं, कधी विकायचं याचे ठरलेले नियम. ते नियम मागच्या पाच वर्षांच्या भावांवर चालवून बघायचे आणि काय झालं असतं त्याचा अहवाल काढायचा. मला अहवाल वाचायची सवय, म्हणून मी डोकावले, आणि मग तीन वर्षं त्यांच्याकडून शिकले. भाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "म्याडम, वरची वळ शेवटी वाचायची. वरच्या वळीत किती मिळालं ते असतं. खालच्या वळींमधी आपण तवर जगतो का मरतो ते असतं." त्यांनी स्वतः एकदा वरची ओळ आधी वाचली होती. त्या वर्षी त्यांनी मोटारसायकल विकली.

माझ्याकडे एक छोटी स्ट्रॅटेजी होती. वर्षाला सोळा टक्के, आणि सगळ्यात वाईट घसरण सात टक्के. घरात कुणाला त्याचं कौतुक नव्हतं. नवरा म्हणायचा, एवढ्यासाठी डोळे कशाला फोडतेस.

तर दादाचा फोन आला. शिरूरला कुणी एक सर क्लास घेत होते. त्यांची एक स्ट्रॅटेजी होती, ती संगणकावर आपोआप चालायची. महिन्याला फी भरायची, बस. दादा म्हणाला, "रविवारी ये. रिपोर्ट वाचायला तूच पायजेस. लॅबमधी दुसरं काय करतीस!" मला अभिमान वाटला. सही करताना कुणी मला काही विचारलं नव्हतं. आता विचारत होते. चौफुल्यावरून न्हावऱ्याची गाडी धरून मी अकराला शिरूरला पोचले.

ओट्यावर सतरंजी टाकलेली. मामा, म्हणजे आईचे भाऊ, भिंतीला टेकून बसलेले. आई गेल्यापासून त्या घरातला शेवटचा शब्द त्यांचा. दादानं अहवालाची पानं रंगीत छापून, क्लिपा लावून माझ्या हातात दिली. वहिनी चहा देऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

वरच्या ओळीत ठळक अक्षरात होतं: सरासरी वार्षिक परतावा बहात्तर टक्के. मी ती सोडून खाली गेले.

प्रॉफिट फॅक्टर एक पूर्णांक सतरा. म्हणजे पाच वर्षांत जेवढे सौदे तोट्यात गेले त्यांतल्या दर शंभर रुपयांमागे फायद्याच्या सौद्यांनी एकशे सतरा आणले. वरचे सतरा हीच कमाई. दलाली, कर, आणि कागदावरचा भाव व हातात पडलेला भाव यांतला फरक, हे सगळं त्या सतरांतूनच जायचं. दिवसाला एक सौदा, वर्षाला अडीचशे. मी विचारलं, "दादा, यात खर्च धरलाय का?" तो म्हणाला, "असंल की. सरांनी काढलंय." कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मग शार्प रेशो. शून्य पूर्णांक चौऱ्याण्णव. बँकेत ठेवून जे सहाएक टक्के बिनघोर मिळाले असते ते परताव्यातून वजा करायचे आणि उरलेल्याला वर्षभरात रक्कम किती वरखाली हलते त्या आकड्यानं भागायचं. इथं बहात्तरातून सहा गेले, सहासष्ट उरले, आणि हेलकावा सत्तरचा. म्हणजे एवढा मोठा परतावा काही अक्कलहुशारीनं आलेला नव्हता. मोठा धोका घेतला म्हणून आलेला होता. माझ्या सोळा टक्केवालीचा शार्प सव्वा होता. मी तो आकडा मनात ठेवला आणि मनातच थोडी फुशारले, हेही कबूल करते.

आणि मग ड्रॉडाऊन. शिखरापासून तळापर्यंतची सगळ्यात मोठी घसरण: पन्नास टक्के. मी आलेखाच्या पानावर बोट ठेवून ती कुठं झाली ते शोधलं. दहा लाखांपासून सुरू केलेलं होतं, त्यांचे सतरा झाले, आणि तिथून घसरून साडेआठ. पन्नास टक्के बरोबरच. पण रुपये मोजले तर साडेआठ लाख गेले होते. हीच घसरण पहिल्याच दिवसापासून सुरू झाली असती, तर दहातले दीड उरले असते. खरं तर तेही नाहीत, कारण ब्रोकर तेवढ्या पैशात तेवढे लॉट, म्हणजे सौद्याचे ठरलेले गठ्ठे, ठेवूच देत नाही. कागदावर मात्र लॉट कधी कमी-जास्त होत नाहीत, कागदाला घर चालवायचं नसतं आणि कागद घाबरतही नाही.

नाव सोनूबाई नि हाती कथलाचा वाळा, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं आणि नीट सांगितलं. म्हटलं, "दादा, शंभराचे पन्नास झाले तर परत शंभर व्हायला पन्नास टक्के पुरत नाहीत, दुप्पट व्हावं लागतं. त्यात तू दर महिन्याला घरखर्चाला साठ हजार काढणार. खाली गेलेल्या पैशातून काढलेला रुपया वर यायला उरतच नाही. आणि मागं पन्नासवर थांबली म्हणून पुढं पन्नासवर थांबेल असं कुणी लिहून दिलंय? एवढी खोल जाणारी गोष्ट पुढं आणखी खोल जाऊ शकते."

दादा म्हणाला, "मग करू नको म्हंतीस?"

"करच म्हणते. पण आठ लाखांवर कर. बाकीचे बत्तीस बँकेत ठेव. मग ते सगळे बुडाले तरी तुझे आठच लाख जातील, घर हलणार नाही."

हे मी आजही शब्द न बदलता सांगेन. सल्ला बरोबर होता. मामा भिंतीपासून पुढं सरकले आणि म्हणाले, "बत्तीस बँकेत ठेवायचे. व्हय. म्हंजी उद्या कुणाला मागायचं झालं तर सापडायला बरे."

मला क्षणभर कळलंच नाही ते कुणाबद्दल बोलतायत. मग कळलं. मामा माझ्याकडं बघत नव्हते, चहाच्या कपाकडं बघत होते. "सही झाली की माणसानं तिकडं बघू नये पोरी. आपलं आपल्या घरी बरं चाललंय न्हवं?"

मी दाराकडं पाहिलं. वहिनी माझ्याकडंच बघत होती, टक लावून, पदराचं टोक मुठीत धरून. मला वाटलं, हिलाही तेच वाटतंय. मला वाटलं, आता मी एक शब्द जरी बोलले तरी तो वाटा मागण्याचा शब्द होणार, आणि दिवाळीला ह्या घरात मला कुणी ये म्हणणार नाही. सही करून जे एक वाचवलं होतं तेवढंही जाणार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. रागात माणूस खरं बोलतो म्हणतात. मी रागात खोटं बोलले. पानं क्लिपेसकट सारखी केली, दादाला परत दिली आणि म्हणाले, "चांगलं हाय दादा. माझंच जरा जास्त भिणं आहे. लाव."

"बघा," मामा म्हणाले. "शिकलेली हाय ती."

जेवण झालं. आमरस होता. वहिनीनं मला दोनदा वाढला आणि एकदाही बोलली नाही. येताना गाडीत मी स्वतःला बजावलं की मोठा माणूस आहे, त्याचा पैसा, त्याची अक्कल. दौंड येईपर्यंत ते मला पटलंही होतं.

सोमवारी मी भाईंना सांगितलं. वाटलं, ते मामांना दोन शिव्या देतील. ते डबा बंद करत म्हणाले, "म्हंजी तुम्ही रीडिंग खोटं लिवलं." आमच्या कामात याहून वाईट काही नाही. बॅच बिघडली तर समिती बसते, कारण शोधतात. खोटं रीडिंग लिहिलं तर माणूस त्याच दिवशी गेटबाहेर. मी चिडून म्हटलं, "तुमच्या घरात हक्कसोड नसतं का?" भाई म्हणाले, "असतं. माझ्या भैणीनं बी केलं. म्हणून तर सांगतोय." आणि उठून गेले. दोन दिवस आम्ही बोललो नाही.

दादानं चाळीसच्या चाळीस लावले. अहवालातल्या दहा लाखांच्या चौपट लॉट. पहिले दोन महिने अहवालापेक्षाही बरे गेले: घरखर्च काढूनही सेहेचाळीस झाले. दादा रोज संध्याकाळी मला स्क्रीनचा फोटो पाठवायचा. मी अंगठा पाठवायची. मामांनी गावात दोघांना सरांकडं नेऊन सोडलं.

मग घसरायला लागलं. एका दिवसात काही झालं नाही, तसं झालं असतं तर बरं. मंगळवारी पन्नास हजार जायचे, बुधवारी वीस यायचे, गुरुवारी ऐंशी जायचे. फोटो यायचे थांबले. चार महिन्यांत सेहेचाळीसचे साडेतेवीस उरले, गेलेल्यांतले दोन लाख चाळीस हजार घरात खाल्लेले. तिथं दादानं लॉट निम्मे केले. सर म्हणत होते चालू ठेवा, पण ब्रोकरकडं पैसे कमी पडायला लागले होते, आणि दादाला झोप लागत नव्हती. निम्म्या लॉटवर आणखी दोन महिने तोटाच झाला. अठरा लाख चाळीस हजारांवर त्यानं मशीनचं बटण बंद केलं. मला ते पोरीच्या फोनवरून कळलं. ती म्हणाली, आत्या, पप्पा जेवत नाहीत.

मी गेले नाही. काय तोंडानं जाणार होते? सोळावं वरीस धोक्याचं म्हणतात तसं काही नव्हतं हे. पन्नाशीला आलेली दोन भावंडं, आणि त्यातल्या एकीला आधीच सगळं वाचता येत होतं. नवऱ्यानं समजूत घातली की तू सांगितलं होतंस ना. हो, मी सांगितलं होतं. त्यानंतर दादाला जे सांगितलं ते नवऱ्याला मी सांगितलंच नव्हतं.

खरा घाव पुढं आहे. दादानं बंद केल्यावर दोन महिन्यांत ती स्ट्रॅटेजी सावरली. अशा गोष्टी सावरतात, म्हणूनच त्या विकल्या जातात. सरांनी सहाव्या वर्षासकट नवा अहवाल काढून ग्रुपवर टाकला आणि दादानं तो मला पाठवला, खाली एवढंच: "बंद केलं नसतं तर." मी चष्मा पुसून खालच्या ओळींपासून वाचायला सुरुवात केली. प्रॉफिट फॅक्टर जवळपास तोच. शार्प थोडा कमी. आणि सगळ्यात मोठा ड्रॉडाऊन: पन्नास टक्के. तोच, जुना.

मी पुन्हा पाहिलं. दादाची घसरण कुठाय? आलेखाच्या उजव्या टोकाला एक छोटा खळगा होता. पाच वर्षांत दहा लाखांचे वाढत वाढत अठ्ठेचाळीस झालेले. तिथून सात लाख खाली, दादाच्या चौपट लॉटवर अठ्ठावीस, पण इथं फक्त पंधरा टक्के. बस. ज्या सात लाखांनी पहिल्या दिवसापासून बसलेल्या माणसाचे निम्म्याहून जास्त पैसे नेले, तेच सात लाख सहा वर्षं जुन्या कागदावर पंधरा टक्के होते. अहवाल खोटा नव्हता. त्यात एकही आकडा कुणी बदलला नव्हता. दादाचं घर बसलं आणि त्या पानावरची एकही ओळ हलली नाही. मला ते पान फाडावंसं वाटलं, पण ते फोनमध्ये होतं. मी सिंकपाशी उभी राहून रडले, आणि रडताना सरांपेक्षा जास्त मामांना आणि मामांपेक्षा जास्त मला शिव्या दिल्या.

दादाला मी उत्तर लिहिलं की परत सुरू करू नको. त्यानं केलं नाही, ते माझ्या सांगण्यानं नाही. वहिनीनं उरलेले पैसे पोरीच्या आणि स्वतःच्या नावावर बँकेत टाकायला लावले, आणि स्वतः एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला जायला लागली. दादा एका गोडाऊनवर बसतो. मामा आता त्या घरी कमी जातात. गावात सांगतात, भाच्याला धीर न्हाई.

वहिनीचं माहेर खुटबाव. मागच्या महिन्यात ती तिथं जाताना वाट वाकडी करून दौंडला माझ्याकडं आली, एकटी. बावीस वर्षांत अशी पहिल्यांदा. मी चहा टाकला. काय बोलावं कळेना, म्हणून पोरीच्या परीक्षेचं विचारलं, पावसाचं विचारलं. तिनं उत्तरं दिली. मग कप खाली ठेवून म्हणाली, "वन्सं, एक इचारू? त्या दिशी तुम्हाला म्हाईत व्हतं न्हवं?"

मी हो म्हटलं. मग सगळंच सांगितलं, मामांचं बोलणं कसं लागलं, दिवाळीची भीती, सगळं. शेवटी म्हणाले, "आणि तू पण तशीच बघत होतीस गं. मला वाटलं, तुलाही वाटतंय मी वाटा मागायला आले."

तिनं माझ्याकडं बघितलं. तीच नजर होती, दारातली.

"मला त्यातलं एक अक्षर कळत न्हवतं," ती म्हणाली. "पन हे नगं, एवढं मला पैल्या दिसापास्नं वाटत व्हतं. चार येळा बोलले यांना. बाईमाणसाला काय कळतंय, म्हणले. मग तुम्हाला बोलवा म्हणून मीच मागं लागले. म्हटलं, वन्सं शिकलेल्या हायती, त्यांचं ऐकतील. तुम्ही त्या आठ लाखांचं बोलायला लागला तवा माझ्या जिवात जीव आला. मी दाराशी उभी व्हते ती तेवढ्यासाठीच. तुम्ही अजून एकदा न्हाई म्हणाला असता, की मी म्होरं येनार व्हते."

मी तिचा कप उचलून परत चहा ओतायला लागले.

"मामा एकटे व्हते बगा," वहिनी म्हणाली. "आपन दोघी झालो असतो."